दप्तराचं लाल फडकं: आल, अलिझरिन आणि तुरटी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या खोलीचं छत गळलं आणि दप्तरांच्या कपाटात पाणी शिरलं. कपाटाच्या एकाच खणात दोन गाठोडी शेजारी शेजारी होती. एक जसंच्या तसं आलेलं, म्हणजे ज्या घराण्याने कागद दिले त्यांच्याच जुन्या लाल फडक्यात बांधलेलं. दुसऱ्याचं मूळ फडकं जीर्ण झालं होतं म्हणून मी स्वतः बाजारातून नवं लाल सुती कापड आणून त्यात बांधलेलं. दोन्ही सारखीच भिजली. जुनं फडकं सोडलं तर आतले मोडी कागद ओले होते, पण त्यांवर लाल रंगाचा ठिपकाही नव्हता. नवं फडकं सोडलं तेव्हा वरचे अकरा कागद गुलाबी झाले होते. काजळीच्या शाईची अक्षरं त्या गुलाबी डागातून वाचता येतात, पण फोटो काढला की डाग आणि अक्षर एकमेकांत मिसळतात. तो डाग अजून निघालेला नाही आणि निघणारही नाही.

चूक माझी होती, कारण कापड घेताना मी फक्त रंग बघितला होता. पण त्यातून जो प्रश्न पडला तो इतिहासाचा निघाला. शंभर-सव्वाशे वर्षांचं फडकं भिजून रंग सोडत नाही आणि सहा महिन्यांचं सोडतं, हे कसं? मंडळातल्या एका ज्येष्ठांनी लगेच निकाल दिला, "अहो, ते जुने नैसर्गिक रंग! आताचे सगळे केमिकल." हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण ते चूक आहे. हळद अगदी नैसर्गिक आहे आणि सुती कापडावर ती दोन उन्हांत उडते. उलट बाघचे छापील कापड आज कृत्रिम अलिझरिनने लाल होतं आणि वर्षानुवर्षं धुतलं तरी टिकतं. लाल टिकतो की नाही हे रंग कुठून आला यावर ठरत नाही. कापडावर आधी काय बसवलं होतं यावर ठरतं. हे मला पुस्तकातून कळलं असतं, पण मी इंजिनियर माणूस, करून बघितल्याशिवाय पटत नाही. म्हणून घरीच मांजरपाट रंगवायला घेतला. या लेखात आधी आपल्या माळव्यातल्या लाल रंगाची हकीकत आहे आणि मग त्या प्रयोगाची. दोन्ही एकमेकांशिवाय नीट कळत नाहीत.

माळव्याचा जुना लाल म्हणजे आल. कोकणात ज्याला बारतोंडी म्हणतात त्या झाडाच्या कुळातलं हे झाड. जंगलात त्याचा वृक्ष होतो, पण रंगासाठी शेतात लावायचं ते झुडूपच राहू देत, कारण हवं असायचं ते मूळ. काळ्या जमिनीत बी पेरायचं आणि साधारण तीन वर्षांनी खोल खणून मुळं काढायची. मग मुळांची निवड व्हायची आणि इथे एक गंमत आहे. जाड मूळ स्वस्त, बारीक मूळ महाग. रंग असतो तो मुळाच्या सालीत. बारीक मुळात लाकूड कमी आणि साल जास्त, म्हणून त्याला भाव. मुंबईच्या बाजारात याच मुळाला सोरंजी म्हणत, आणि तिथून परदेशी गेलेल्या मालाच्या कागदांत तेच नाव वाकडंतिकडं होऊन भेटतं.

या पिकाचं जुनं इंग्रजी वर्णन विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरने लिहिलेलं आहे. शिंद्यांच्या दरबारी असलेला रेसिडेंट पामर १७९२ मध्ये आग्र्याहून उज्जैनला निघाला तेव्हा हंटर त्याच्याबरोबर होता. माळव्यात त्याने आलची शेती आणि रंगाई पाहिली आणि त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. तो १७९५ मध्ये कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या चौथ्या खंडात छापला गेला. महादजींच्या पत्रव्यवहारात आपण तोफा, खंडण्या आणि सनदा शोधतो. त्याच काळात, त्याच मुलखात, शेतकरी तीन तीन वर्षं एका मुळाची वाट बघत होता, याची नोंद एका परक्या डॉक्टरने केली, हे आपल्या लक्षात राहायला हवं.

आलची दुसरी नोंद मला जास्त आवडते, कारण तिच्यात विलायतेची फजिती आहे. सोरंजी ब्रिटनला पोचली तेव्हा ग्लासगोच्या अनुभवी छपाईवाल्यांनी ती नेहमीप्रमाणे तुरटी दिलेल्या कापडावर वापरून पाहिली आणि हिच्यात रंगच नाही असं सांगून टाकलं. रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँडरसन याने १८४८ मध्ये या मुळातलं द्रव्य वेगळं काढलं, त्याला मोरिंडिन नाव दिलं. त्यालाही साध्या तुरटीच्या कापडावर यश आलं नाही. पण 'टर्की रेड'साठी तयार केलेल्या कापडावर, म्हणजे आधी तेल आणि खार पाजून मग तुरटी दिलेल्या कापडावर, त्याच मुळाचा पक्का रंग उतरला. पुढे लीड्सचे प्राध्यापक हमेल यांच्या प्रयोगांतून कारण उलगडलं. मुळात मोकळं आम्ल असतं. ते आधी थंड पाण्याने धुऊन काढलं, किंवा रंगाच्या पाण्यात थोडी चुनखडी घालून मारलं, की साध्या तुरटीच्या कापडावरही रंग चढतो. आम्ल तसंच राहिलं तर ते रंगाला तुरटीशी बांधलंच जाऊ देत नाही. आपल्याकडच्या रंगाऱ्यांच्या पद्धतीत खार होता, तेल होतं, शेळीच्या लेंड्या होत्या. त्यांना आम्ल हा शब्द माहीत नव्हता, पण त्याचा बंदोबस्त त्यांनी केलेला होता.

आता आलचा शेवट. युरोपात लाल रंगासाठी मंजिष्ठेच्याच जातीचं मॅडर नावाचं मूळ वापरत आणि त्यातलं मुख्य रंगद्रव्य म्हणजे अलिझरिन. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते डांबरातून निघणाऱ्या अँथ्रासीनपासून बनवून दाखवलं. जून १८६९ मध्ये लंडनमध्ये स्वस्तात बनवण्याच्या रीतीच्या पेटंटसाठी जर्मन पक्षाचा आणि इंग्रज पर्किनचा असे दोन अर्ज एका दिवसाच्या अंतराने दाखल झाले. जर्मनांचा एक दिवस आधी. पुढच्या काही वर्षांत फ्रान्स आणि हॉलंडमधली मॅडरची शेती बसली. त्यानंतर डबाबंद अलिझरिन हिंदुस्थानातल्या बाजारांत आलं आणि आलच्या शेतावर तीच वेळ आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुआर्डच्या देखरेखीखाली मध्य भारतातल्या संस्थानांची गॅझेटियर्स निघाली, त्यांत आलचा उल्लेख येतो तो पूर्वी पुष्कळ होणारं आणि आता परदेशी रंगांनी मागे टाकलेलं पीक म्हणून.

पण इथे एक गोष्ट नजरेआड होते. त्याच सुमाराला नीळ पिकवणाराही बुडाला, आलवालाही बुडाला, म्हणून आपण 'रंगाचा धंदा बुडाला' असं एका वाक्यात लिहून मोकळे होतो. आलचा शेतकरी बुडाला हे खरं. रंगारी मात्र त्या कारणाने बुडाला नाही. अलिझरिन आणि आलमधलं द्रव्य ही रसायनाच्या दृष्टीने चुलत भावंडं. दोघांनाही सुती कापड धरता येत नाही आणि दोघंही तुरटीतल्या ॲल्युमिनियमला घट्ट धरतात. त्यामुळे रंगाऱ्याची हिरड्याची नांद तीच राहिली, तुरटी तीच, नदीवरची धुलाई तीच. फक्त शेवटच्या भट्टीत मुळाच्या भुग्याऐवजी डब्यातला लगदा पडू लागला. तीन वर्षं वाढलेल्या मुळाची जागा एका चमच्याने घेतली आणि बाकीची विद्या शाबूत राहिली. म्हणूनच बाघमध्ये ती अजून बघायला मिळते.

बाघ धार जिल्ह्यात आहे, इंदूरहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिथल्या खत्री छिप्यांची घराणी मूळची सिंधमधली. मारवाडमार्गे मनावरला आणि तिथून १९६०च्या दशकात बाघला आली, वाघिनी नदीच्या काठी. मी गेलो तेव्हा भट्टी चालू होती. तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरिन आणि धायटीची वाळलेली फुलं उकळत होती. आत जाणारं कापड पिवळट, त्यावर तुरटीने छापलेली नक्षी जेमतेम दिसणारी. पाच-दहा मिनिटांत ती फिकट नक्षी लाल व्हायला लागली आणि मधली जागा नुसती मळकट राहिली. सगळं कापड एकाच पाण्यात बुडालेलं, तरी लाल फक्त तुरटी लागली होती तिथेच. मी भट्टीवरच्या चाचांना विचारलं, मधल्या जागेला लागलेला रंग जातो का? ते म्हणाले, "साहेब, तो चिकटलाय कुठे? तो तर पाहुणा आहे. नदीत जाईल." मंडळाच्या अकरा कागदांवर आलेला पाहुणा मला आठवला.

साध्या भाषेत सांगायचं तर कापसाच्या धाग्याला रंगाशी काही घेणंदेणं नसतं. लोकर आणि रेशीम रंग ओढून घेतात, कापूस नाही. आम्ही बांधकामवाले सिमेंटच्या गुळगुळीत कॉलमवर प्लास्टर करण्याआधी टाचे मारतो. टाचे नसतील तर प्लास्टर चढतं, दिसतंही छान, आणि पहिल्या पावसात पोपडा निघतो. तुरटी हे कापडाला मारलेले टाचे आहेत. तिच्यातलं ॲल्युमिनियम धाग्यात बसतं आणि मग रंगाचा कण त्याला धरून पाण्यात न विरघळणारा असा नवा पदार्थ बनतो. म्हणून धुतलं तरी जात नाही. तुरटीसारख्या पदार्थाला रंगबंधक म्हणतात. अडचण एवढीच, की कापसाला ॲल्युमिनियमचंही फारसं प्रेम नाही. नुसती तुरटी पुष्कळशी धुऊन जाते. म्हणून तिच्याआधी हिरडा. हिरड्यातलं टॅनिन कापसाला धरतं, टॅनिनला ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियमला रंग. अशी ही साखळी आहे.

आता माझा प्रयोग. सव्वादोन मीटर कोरा मांजरपाट घेतला, वाळल्यावर वजन ३०० ग्रॅम भरलं. पुढची सगळी मापं या कोरड्या वजनावर आहेत. पाण्यावर नाहीत, हे ध्यानात ठेवावं. पाणी कापड मोकळं हलेल इतकं, मी साधारण आठ लिटर घेत होतो. स्टीलचं पातेलं आणि लाकडी उलथणं. लोखंडी कढई या कामाला अजिबात नको. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की शाई होते, आणि माझ्या पहिल्या तुकड्यावर एका गंजक्या चिमट्याचा काळा ठसा अजून आहे.

पहिलं काम खळ काढायचं. आठ लिटर पाण्यात १५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून कापड तासभर उकळलं. पाणी चहासारखं तपकिरी झालं. मांजरपाट स्वच्छ दिसतो पण त्यात विणताना लावलेली खळ असते आणि कापसाचं स्वतःचं मेणही असतं. ते राहिलं तर तुरटी आत शिरतच नाही आणि रंग ठिकठिकाणी कमीजास्त येतो. झालं की नाही हे ओळखायची सोपी खूण अशी, की वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब क्षणात शोषला गेला तर ठीक. मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळायचं. माझा पहिल्या खेपेला उभा राहिला.

मग हिरडा. ६० ग्रॅम हिरड्याची पूड, म्हणजे कापडाच्या पाचवा हिस्सा, गरम पाण्यात तासभर भिजवून गाळून घेतली आणि त्यात कापड रात्रभर ठेवलं. सकाळी पिळून, न धुता सावलीत वाळवलं. कापड फिकट पिवळं होतं. बाघच्या कापडावर छपाईच्या आधी दिसतो तो हाच पिवळेपणा.

तुरटीच्या पायरीवर मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं. ६० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवली. तुरटीचं पाणी आंबट असतं आणि आंबट पाण्यात ॲल्युमिनियम विरघळूनच राहतं, धाग्यावर उतरायला तयार नसतं. म्हणून त्यात तुरटीच्या आठव्या हिश्श्याएवढा, म्हणजे साडेसात ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडा थोडा सोडला. प्रत्येक वेळी फेस येतो, पांढरा साका दिसतो आणि ढवळल्यावर पुन्हा विरतो. साका विरेनासा झाला की सोडा जास्त झाला असं समजून थांबायचं. तो न विरलेला साका म्हणजे धाग्यात न जाता पाण्यातच वाया गेलेलं ॲल्युमिनियम. या कोमट पाण्यात कापड तासभर हलवत ठेवलं, मग रात्रभर त्यातच बुडवलं, पिळलं आणि वाळवलं. नंतर चार दिवस तसंच टांगून ठेवलं. हे थांबणं आळसाचं नाही, तेवढ्या वेळात ॲल्युमिनियम धाग्यात नीट बसतं.

यानंतर कापड खळखळून धुवायचं असतं, आणि पहिल्या खेपेला मी ते टाळलं. मला वाटलं, इतक्या कष्टाने चढवलेली तुरटी कशाला धुवा? परिणाम असा झाला, की रंगाच्या पाण्यात कापड टाकल्याबरोबर सैल राहिलेली तुरटी पाण्यात उतरली आणि तिथेच रंगाला धरून बसली. पातेल्यात लाल गाळ झाला. त्यातला काही कापडावर वरवर बसला आणि कापड सुरेख लाल दिसलं. वाळल्यावर पांढऱ्या ओल्या रुमालाने घासलं तर रुमाल लाल. तो फसवा लाल होता. जुने रंगारी या टप्प्याला कापड शेणाच्या पाण्यातून काढून नदीत आपटून धूत, त्याचं कारण मला त्या रुमालाने सांगितलं. शेणातले घटक सैल तुरटीला धरून बाजूला करतात आणि नक्षी असेल तर ती पसरत नाही. दुसऱ्या खेपेला मी गव्हाच्या कोंड्याच्या कोमट पाण्यात कापड दहा मिनिटं हलवलं आणि मग तीन पाण्यांतून काढलं. कोंडा तेच काम करतो.

रंगासाठी मंजिष्ठा घेतली. आल आता बाजारात मिळत नाही आणि मंजिष्ठा काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. कापडाइतकीच, म्हणजे ३०० ग्रॅम कुटून रात्री भिजत घातली. सकाळी गाळून त्या पाण्यात कापड थंडच सोडलं आणि आच मंद ठेवली. पाऊण तासात हात घालवणार नाही इतकं गरम, पण उकळी नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. उकळलं की मुळातली पिवळी-तपकिरी द्रव्यंही उतरतात आणि लाल विटकरी होतो. त्या उष्णतेवर तासभर ठेवलं, सतत खालीवर केलं आणि पाण्यातच गार होऊ दिलं.

एक आडवळणाची गोष्ट इथेच सांगतो. अर्धं कापड मी आरओच्या पाण्यात रंगवलं होतं, शुद्ध पाणी चांगलं असेल या समजुतीने. ते फिकट आणि नारिंगी निघालं. उरलेलं बोअरच्या कठीण पाण्यात केलं, ज्याने आमच्या घरातल्या नळांवर पांढरा थर बसतो. ते खोल लाल आलं. या कुळातल्या लाल रंगाला ॲल्युमिनियमबरोबर कॅल्शियमही लागतं. तो पांढरा थर म्हणजे कॅल्शियमच. अमुक नदीच्या पाण्याला रंग चढतो आणि तमुक नदीच्या नाही असं छिपे सांगतात, आणि आपण त्याला श्रद्धा म्हणून हसतो. कामाचं गाव निवडताना ते लोक पाण्याचा कस बघत होते. आमच्या इतिहासात अशा स्थलांतरांची कारणं लिहिताना राजाश्रय पहिला येतो. पाण्याचं नाव मला फारसं दिसलेलं नाही.

आलची फजितीही करून बघितली. कोकणातल्या एका स्नेह्यांनी पडलेल्या बारतोंडीची थोडी बारीक मुळं पाठवली. त्यांची साल कुटून दोन भाग केले. एक तसाच वापरला, दुसरा थंड पाण्यात तीनदा भिजवून ते पिवळं आंबूस पाणी फेकून दिल्यावर. एकाच मांजरपाटाच्या, एकाच तुरटीच्या दोन पट्ट्या. पहिली पट्टी मळकट पिवळी राहिली आणि दुसरी विटकरी तांबडी झाली. ग्लासगोवाल्यांना दिसली असेल ती पहिली पट्टी. त्या दोन पट्ट्या मी मंडळाच्या बैठकीत फिरवल्या, तेव्हा 'सगळे केमिकल' म्हणणारे ज्येष्ठ बराच वेळ त्या उलटसुलट करत बसले.

मग परीक्षा. प्रत्येक लाल तुकड्याला पांढऱ्या मांजरपाटाची पट्टी टाचून साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवली. बाजारातल्या कापडाच्या शेजारची पट्टी गुलाबी झाली. न धुतलेल्या तुरटीच्या माझ्या पहिल्या तुकड्याजवळची पट्टीही झाली, थोडी कमी. नीट केलेल्या तुकड्याचा पहिल्या पाण्यात किंचित रंग गेला आणि दुसऱ्या पाण्यानंतर पट्टी पांढरीच राहिली. उन्हासाठी तुकडे अर्धे पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर लावले. मंजिष्ठेचा उघडा भाग थोडा उतरला, झाकलेल्याशी ताडून पाहिलं तरच कळेल इतका.

बाजारातल्या त्या फडक्याचा दोष कृत्रिमपणाचा नव्हता. १८८४ मध्ये जर्मनीत काँगो रेड नावाचा लाल निघाला. तुरटी नको, हिरडा नको, मिठाच्या गरम पाण्यात कापड बुडवलं की झालं. कापसाला थेट धरणारे असे रंग तेव्हापासून आले आणि त्यांनी पंधरा दिवसांचं काम एका दुपारवर आणलं. पण त्यांची पकड सैल असते, पाणी मिळालं की ते पुन्हा निघून येतात. आमचं फडकं बहुधा याच जातीच्या रंगाचं. आजचे रिॲक्टिव्ह रंगही तुरटीशिवाय चढतात, पण ते सोड्याच्या मदतीने धाग्याशी रासायनिक रीत्याच जोडले जातात आणि उत्तम टिकतात. घरी एखादं सुती कापड रंगवायचं आणि इतिहास नको असेल, तर मी तेच वापरायला सांगेन. फक्त रंगवून झाल्यावर गरम पाण्याने पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. तिथेही पाहुणा असतोच.

आमच्यासारख्या दप्तरं चाळणाऱ्यांसाठी यातून एक काम निघतं. लाल फडकं पक्कं आहे, भिजून रंग सोडत नाही, एवढ्यावरून ते आलचं आणि म्हणून १८७० पूर्वीचं, असं लिहू नये. तुरटीवरचा अलिझरिनही तितकाच पक्का असतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळायला दोन-तीन धागे प्रयोगशाळेत द्यावे लागतात. तिथे आलमधलं मोरिंडोन आणि अलिझरिन वेगवेगळं ओळखता येतं. मंजिष्ठेत मुख्यतः पर्प्युरिन निघतं. गाठोड्याचा काळ ठरवायला कागदावरची तारीखच बघावी. आणि जुनी फडकी जीर्ण झाली म्हणून टाकून देऊ नयेत. मी टाकलं होतं, आणि त्याच्याबरोबर ते धागेही गेले.

राहिला प्रश्न माझ्या नव्या लाल फडक्याचा. ते दप्तराला बांधायचं म्हणूनच रंगवलं होतं, पण बांधण्याआधी ओल्या कापडाला पीएच कागद लावून पाहिला तर तुरटीनंतरचा आंबटपणा अजून शिल्लक होता. आम्लाने कागद ठिसूळ होतो. साबणाच्या आणि मग साध्या चार पाण्यांतून काढल्यावर कागदाचा रंग सातच्या जवळ आला. तरीही कागदांना लागून आता आम्ही खळ काढलेला, न रंगवलेला मांजरपाट ठेवतो आणि लाल फडकं त्याच्यावरून बांधतो. कपाटही त्या भिंतीपासून हलवलं आहे.